मताचा हक्क शेतसाऱ्यात अडकला होता

१९२१ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने स्त्रियांना मताधिकार देण्याचा ठराव मंजूर केला. मद्रासपाठोपाठ हा निर्णय घेणारा हा दुसरा प्रांत. त्यामुळे रत्नागिरीच्या बायकांनाही कागदोपत्री मत मिळालं, पण प्रत्यक्षात फारच थोड्यांना.

कारण अट मालमत्तेची होती. ग्रामीण भागात मतदार होण्यासाठी जमिनीवर वर्षाला निदान ३२ रुपये शेतसारा बसलेला असावा लागे. रत्नागिरीसारख्या गरीब जिल्ह्यात ही मर्यादा १६ रुपये होती. समजा, चिपळूणजवळच्या एका घराचा सारा १८ रुपये आहे. घरधनी परळच्या गिरणीत चाकरमानी, गणपती-शिमग्याला गावी येणारा. भाताची लावणी, नाचणी, गुरं, सगळं बायको बघते. मतदार मात्र तो, कारण जमिनीच्या कागदावर नाव त्याचं. कायद्याने स्त्री म्हणून तिला कुठेच नाकारलं नव्हतं. एकत्र कुटुंबाची जमीन पुरुषांच्या नावे चालत असल्याने तिचं नाव तिथवर पोचतच नव्हतं.

इथवर येण्यासाठीही झगडावं लागलं. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं. मताधिकार कोणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीने मात्र समाजाची तयारी नाही असं सांगून मागणी फेटाळली. तेव्हा १९१९ मध्ये मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी बाजू मांडली. लंडनने निर्णय प्रांतांवर सोपवला, म्हणजे प्रत्येक प्रांतात नव्याने सभा, अर्ज, सभासदांच्या गाठीभेटी. मुंबई इलाख्यात रमाबाई रानड्यांनी या कामाला वाहून घेतलं होतं. भारतातल्या चळवळीचं बळ अशा चिवट पाठपुराव्यात होतं, असं मला वाटतं.

पुढची लढाई अटीशीच होती. १९३१ पर्यंत प्रमुख महिला संघटना एकमुखाने म्हणू लागल्या की सवलत नको, प्रौढ मताधिकार द्या. मताधिकाराच्या प्रश्नावर सरकारने नेमलेल्या लोथियन समितीला एवढ्या मोठ्या मतदारसंख्येची व्यवस्था अशक्य वाटली. १९३५ च्या कायद्याने मधला मार्ग काढला: साक्षर स्त्रीला मत, आणि नवऱ्याची मिळकत ठराविक मर्यादेपलीकडे असेल तर त्याची बायको म्हणूनही मत. स्त्री मतदार कितीतरी वाढल्या, पण लहान शेतकऱ्याची निरक्षर बायको पुन्हा बाहेरच राहिली. संघटनांनी नवऱ्यावर टेकलेल्या या हक्काला विरोध केला होता. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं.

१९५० च्या राज्यघटनेने जमीन, शिक्षण, लग्न या साऱ्या अटी काढल्या आणि २१ वर्षांवरच्या प्रत्येकीला मत दिलं. तरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गळाली, बहुतेक उत्तर भारतातली. नोंदणीला आलेल्या माणसाला त्यांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं होतं, आणि स्वतःच्या नावाशिवाय नोंद करायची नाही असं निवडणूक आयोगाने ठरवलं होतं.