भाषणातला 70 टक्क्यांचा आकडा आला कुठून?

विज्ञान दिनाच्या भाषणांत गेली काही वर्षे एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘70 टक्के लोकांनी लस घेतली की सामूहिक प्रतिकारशक्ती तयार होते आणि उरलेले आपोआप सुरक्षित होतात.’ आमच्या किनाऱ्यावरच्या शाळेत यंदा आठवीतली एक मुलगी गोवरावर बोलणार आहे. तिच्याही पहिल्या मसुद्यात हे वाक्य होते. ते करोनाच्या काळातून आलेले आहे आणि गोवराला लागू पडत नाही.

मूळ शब्द माणसांचा नव्हताच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत गाईंचे गर्भ संसर्गाने गळू लागले. बाहेरून नवी गुरे न आणता बाधा होऊन गेलेलीच जनावरे ठेवली, तर साथ ओसरते असे पशुवैद्यांना दिसले. कळपाच्या त्या संरक्षणाला त्यांनी ‘हर्ड इम्युनिटी’, म्हणजे कळपाची प्रतिकारशक्ती, असे नाव दिले. 1923 मध्ये इंग्लंडमध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत तो शब्द शास्त्रीय लेखनात आला आणि पुढे माणसांना लागला. मराठीत ‘कळप’ म्हणणे कुणाला रुचले नाही, म्हणून कुठे ‘समूह’ तर कुठे ‘सामूहिक’ झाले. मला ‘सामूहिक प्रतिकारशक्ती’ हा शब्द फसवा वाटतो. ऐकणाऱ्याला वाटते, गावाला मिळून काही ताकद येते आणि तिचा वाटा लस न घेतलेल्यालाही मिळतो. तसे काहीच होत नाही. त्याचे शरीर होते तसेच असते, फक्त रोग त्याच्यापर्यंत पोचत नाही. काजूच्या बागेभोवती उन्हाळ्याआधी गवत काढून पट्टा मोकळा करतात, म्हणून वणवा आत शिरत नाही. आतली झाडे जळण्यासारखीच असतात.

पट्टा किती रुंद हवा, हे आगीवर ठरते. कुणालाच संरक्षण नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण सरासरी 12 ते 18 जणांना रोग देतो. त्याला गाठ पडणाऱ्या 18 जणांपैकी 17 सुरक्षित असतील तरच तो जेमतेम एकाला देईल आणि साथ पुढे वाढणार नाही. 18 पैकी 17 म्हणजे 94 टक्क्यांहून थोडे जास्त. गोवरासाठी सांगितला जाणारा 95 चा आकडा इथून येतो. करोनाच्या सुरुवातीच्या विषाणूचा एक रुग्ण दोन-तीन जणांना बाधा देई, त्यावरून 60-70 टक्क्यांचा अंदाज निघाला. पुढे विषाणू बदलत गेला, संसर्गाविरुद्धचे संरक्षण काही महिन्यांत ओसरू लागले आणि तो अंदाज निकामी झाला. वाक्य मात्र राहिले. त्याच काळात शब्दही वादात सापडला, कारण काही देशांत रोग पसरू देऊनच हा टप्पा गाठावा असा सूर निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने आपली व्याख्या 2020 च्या शेवटच्या दोन महिन्यांत दोनदा बदलली: आधी नुसत्या लसीकरणापुरती आणली, मग रोग होऊन गेल्याने येणारे संरक्षणही पुन्हा त्यात घातले.

चुकीच्या आकड्यावर विसंबल्याचे जुने उदाहरणही गोवराचेच आहे. अमेरिकेतल्या एका शहरात 1930 च्या दशकात असा निष्कर्ष निघाला होता की 15 वर्षांखालची सुमारे 55 टक्के मुले सुरक्षित असली की साथ पेट घेत नाही. लस 1963 मध्ये आली आणि याच समजावर 1967 सालात गोवर संपवण्याची घोषणा झाली. तो संपला नाही. दुसऱ्या डोसची शिफारस 1989 मध्ये झाली आणि तिथला सततचा प्रसार थांबल्याचे 2000 साली जाहीर झाले.

आपल्याकडे गोवराची लस राष्ट्रीय कार्यक्रमात 1985 मध्ये आली, नवव्या महिन्यानंतर एकच डोस. नववाच महिना का, हे भाषणात यायलाच हवे, कारण लस काम कशी करते ते त्यात दडले आहे. या लसीत दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो. तो शरीरात थोडा वाढला तरच शरीर त्याला ओळखून लक्षात ठेवते. बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे मात्र काही महिने टिकतात आणि लसीतला विषाणू वाढण्याआधीच निकामी करतात. वर्ष पूर्ण झाल्यावर लस दिली तर ती जास्त लागू पडते, पण तोवर बाळ उघडे राहते आणि तान्ह्या बाळांनाच गोवर जास्त घातक ठरतो. म्हणून मधला मार्ग निघाला. त्याची किंमत अशी की नवव्या महिन्यातला डोस 100 पैकी सुमारे 85 मुलांनाच लागू पडतो.

आता हिशेब करू. वाड्यावाड्यांतून मिळून 100 मुले आहेत आणि 90 जणांनी एक डोस घेतला आहे. सुरक्षित झाली 76-77. दुसरा डोस घेतला की घेणाऱ्यांपैकी सुमारे 97 टक्के सुरक्षित होतात, म्हणजे त्या 90 पैकी 87. तरीही 95 गाठले जात नाहीत. त्यासाठी 98 मुलांनी दोन्ही डोस घ्यावे लागतात. ‘बहुतेकांनी घेतली’ हे गोवराला पुरत नाही ते यामुळे. दुसरा डोस देशात 2010 पासून सुरू झाला, म्हणजे पहिल्यानंतर 25 वर्षांनी. हा उशीर मला फार मोठा वाटतो.

नोव्हेंबर 2018 पासून महाराष्ट्रात शाळाशाळांतून 9 महिने ते 15 वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस टोचली गेली. आधी डोस घेतलेल्यांनाही पुन्हा का, हा पालकांचा प्रश्न रास्त होता. उत्तर वरच्या हिशेबात आहे: लस घेऊनही उघडी राहिलेली मुले कोणती, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

सरासरीचा आकडाही गाफील ठेवतो. एका गावात 10 वाड्या, प्रत्येक वाडीत 20 मुले. नऊ वाड्यांतली सगळी मुले सुरक्षित आणि दहाव्या वाडीत फक्त 10. गावाचा आकडा 200 पैकी 190, बरोबर 95 टक्के. पण दहाव्या वाडीत निम्मी मुले उघडी आहेत आणि ती एकाच अंगणात खेळतात. वीटभट्टीवरच्या, होड्यांवर कामाला आलेल्या कुटुंबांची मुले यादीत नसतील तर ती या हिशेबात येतच नाहीत.

2022 च्या शेवटी मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या भागात, गोवराची साथ आली. करोनाच्या काळात चुकलेले डोस हे त्याचे मोठे कारण होते. कोकणाला मुंबई लांब नाही. समजा, गणपतीला चाकरमान्यांबरोबर आलेल्या एका मुलाला ताप आणि सर्दी आहे. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून तो गोवर पसरवतो आणि बंद खोलीच्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत राहू शकतो. आरतीला दाटीवाटीने बसलेल्यांपैकी कुणाला लागण झालीच, तर त्याला पुरळ दिसायला साधारण 14 दिवस लागतात. तोवर विसर्जन होऊन गाड्या परतलेल्या असतात आणि दहाव्या वाडीतल्या आईला रोग कुठून आला हे कळत नाही.

त्या साथीत, जिथे नऊ महिन्यांखालच्या बाळांचे प्रमाण रुग्णांत 10 टक्क्यांहून अधिक होते, तिथे सहाव्या महिन्यापासूनच एक डोस देण्याची सूचना निघाली. तो मोजणीत धरत नाहीत, कारण आईची प्रतिपिंडे तेव्हा पूर्ण गेलेली नसतात. पुढचे दोन्ही डोस त्या बाळाला वेळेवर घ्यावेच लागतात.