केसांचा रंग बदलण्याआधी फोटो मोठा का करायचा

फोटो छोटा असतो, पाच जणांकडून फॉरवर्ड होत आलेला, आणि त्यातल्या माणसाचे काळे केस तपकिरी करायचे असतात नाहीतर अंगातल्या स्वेटरचा रंग बदलायचा असतो. आपण थेट तसं करायला जातो आणि केस एकदम चपटे दिसायला लागतात, कपाळाजवळ रंगाची पायरी दिसते, स्वेटरची वीण गायब होते. मग लोक एडिटिंगच्या ॲपला नावं ठेवतात. पण बऱ्याचदा ॲपचा दोष नसतो, त्याला काम करायला पिक्सेलच पुरेसे मिळालेले नसतात. म्हणून आधी अपस्केल, म्हणजे फोटो मोठा करणं, आणि मग एडिट हा क्रम, आणि तो का चालतो आणि कुठे चालत नाही हे एकाच फोटोवर नीट बघू.

समजा फोटो 600 बाय 800 पिक्सेलचा आहे, कमरेपासून वरचा, आणि त्यात चेहरा रुंदीला 140 पिक्सेल भरतो. मोठ्या माणसाचा चेहरा साधारण 14 सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे इथे एक पिक्सेल बरोबर एक मिलिमीटरचा झाला. हा हिशोब मला फार उपयोगाचा वाटतो, कारण आता फोटोत खरं काय शिल्लक आहे ते लगेच कळतं. डोक्याचा केस साधारण 0.07 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे एका पिक्सेलच्या रुंदीत शेजारी शेजारी चौदा केस मावतात. सुटा केस या फोटोत दिसणं शक्यच नाही. दिसतात त्या बटा, चारेक मिलिमीटर रुंद, म्हणजे चार पिक्सेल, आणि त्यांच्यावरची उजेडाची रेघ. स्वेटरच्या गळपट्टीच्या उभ्या पट्ट्या सहा मिलिमीटरच्या असतील तर त्या सहा पिक्सेलच्या झाल्या, त्या फोटोत व्यवस्थित आहेत. पण आतल्या सुती शर्टाचे धागे सेंटीमीटरला वीस-तीस असतात, म्हणजे एका पिक्सेलमध्ये दोन-तीन धागे, ते गेलेच. एखादा नमुना टिपायला त्याच्या एका आवर्तनामागे कमीत कमी दोन पिक्सेल लागतात, त्याखाली गेलं की धागे नुसते पुसले जात नाहीत, कधी कधी त्यांच्या जागी लाटांसारखे जाड पट्टे उमटतात जे कापडावर कधी नव्हतेच. याला मॉयरे म्हणतात, आणि तो असा वाईट की अपस्केलरला तो खराच नमुना वाटतो आणि तो त्याला आणखी ठळक करून देतो.

आता फोटो चौपट करायचा, 2400 बाय 3200. तरी पिक्सेल पाव मिलिमीटरचाच होतो, त्यात अजून तीन-साडेतीन केस बसतात. म्हणजे चौपट करूनही खरा सुटा केस परत येत नाही. मग फायदा काय? फायदा हा की चार पिक्सेलची बट आता सोळा पिक्सेलची झाली, आणि एडिट करणारं सॉफ्टवेअर नेमकं याच मापावर अडतं.

सध्या वर्णन लिहून केस किंवा कपडा बदलून देणारी बरीच मॉडेल्स फोटोवर थेट काम करत नाहीत, ती आधी त्याचं दाबलेलं रूप बनवतात. स्टेबल डिफ्यूजनमध्ये हे दाबणं उभं-आडवं आठपट असतं, म्हणजे 512 बाय 512 चा फोटो आतमध्ये 64 बाय 64 चौकटींचा होतो. मूळ फोटोतली चार पिक्सेलची बट म्हणजे अर्धी चौकट, तिला तिथे स्वतःची जागाच नाही, शेजारच्या बटेबरोबर एकाच चौकटीत कोंबली जाते आणि बाहेर येताना दोघींचा मिळून लगदा होतो. तीच बट सोळा पिक्सेलची असेल तर दोन पूर्ण चौकटी मिळतात, ती कुठून कुठे वळते हे मॉडेलला कळतं आणि नवा रंग तिच्या वळणाने बसतो. एक गोष्ट मात्र सांभाळायची. बरीच टूल्स मोठा फोटो दिला की गुपचूप आपल्या सोयीच्या मापावर लहान करून घेतात, मग केलेली सगळी मेहनत पाण्यात. म्हणून अख्खा फोटो न देता डोक्याभोवतीचा 1024 बाय 1024 चा तुकडा कापून तेवढाच एडिट करायचा आणि परत जागेवर चिकटवायचा.

हाताने रंग बदलणाऱ्यांना वेगळी अडचण येते, ती जेपेगची. जेपेग उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक पिक्सेलची वेगळी ठेवतं पण रंगाची माहिती बहुतेक वेळा दोन बाय दोन पिक्सेलला एकच ठेवतं, आणि ती आठ बाय आठच्या ठोकळ्यांत दाबतं, म्हणजे रंगाचा एक ठोकळा फोटोतल्या 16 बाय 16 पिक्सेलवर पसरतो. आपल्या फोटोत ते झाले 16 मिलिमीटर! त्यामुळे कपाळाच्या कडेला त्वचेचा रंग केसांत आणि केसांचा काळपटपणा त्वचेत सांडलेला असतो. मूळ फोटोत हे डोळ्याला कळत नाही, पण केस तांबूस केले की ती कड लगेच उठून दिसते. त्यात काळ्या केसांना नुसता रंग चढत नाही, आधी उजळवावे लागतात. काळ्या केसांच्या पिक्सेलच्या किमती 0 ते 255 च्या पट्टीवर समजा 8 ते 35 मध्ये आहेत, त्या 30 ते 140 पर्यंत ताणल्या तर सत्तावीस पायऱ्या एकशे दहा जागांवर पसरतात, प्रत्येक पायरी चार-चारची होते, आणि अंधारात लपलेले जेपेगचे ठोकळे चौकड्यांसारखे वर येतात.

इथेच क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी उजळवून मग अपस्केल केलं तर अपस्केलर त्या ठोकळ्यांच्या कडांना केस समजतो आणि त्यांना छान धारदार करून देतो. उलट केलं, म्हणजे आधी अपस्केल, तर ठोकळे अजून दबलेले असतात आणि चांगलं मॉडेल ते बऱ्यापैकी साफ करतं. 2021 मध्ये आलेलं Real-ESRGAN याच कामासाठी शिकवलेलं आहे, चांगले फोटो घेऊन ते मुद्दाम धूसर करायचे, लहान करायचे, त्यात नॉइज घालायचा, जेपेग करायचे आणि हे सगळं दोनदा करायचं, म्हणजे फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोसारखी अवस्था होते, आणि मग मॉडेलला सांगायचं की यातून मूळ ओळख. घरच्या कॉम्प्युटरवर, ग्राफिक्स कार्ड असेल तर, ते असं चालतं:

```
realesrgan-ncnn-vulkan -i photo.jpg -o photo4x.png -n realesrgan-x4plus -s 4
```

आउटपुट पीएनजीच ठेवा, इथे परत जेपेग केलं तर साफ केलेले ठोकळे नव्याने घालून घेतल्यासारखं होईल. आणि उजळवण्याआधी फाइल 16 बिटमध्ये न्या, म्हणजे निदान पुढच्या ताणाताणीत नव्या पायऱ्या पडणार नाहीत.

आता हे मॉडेल तपशील आणतं कुठून? एकाच धूसर बटेला शेकडो वेगवेगळ्या केसांच्या रचना लागू पडतात, सगळ्या लहान केल्या की तीच धूसर बट देणाऱ्या. 2014 च्या एसआरसीएनएनसारखी सुरुवातीची मॉडेल्स चूक कमीत कमी ठेवायला शिकवलेली होती, म्हणून ती या सगळ्या शक्यतांची सरासरी काढायची, आणि केसांची सरासरी म्हणजे मऊ धूर. नंतरची मॉडेल्स त्यातली एक शक्यता निवडतात आणि तीच ठामपणे काढतात, म्हणून चित्र कडक दिसतं. पण ती निवड आहे, मूळ माणसाच्या डोक्यावरचे केस नव्हेत. केसांच्या बाबतीत हे मी आनंदाने चालवून घेतो, चेहऱ्याच्या बाबतीत अजिबात नाही. चेहरा सुधारून देणारं वेगळं बटण असतं ते बंद ठेवा, नाहीतर पापण्या आणि ओठांची कड बदलून माणूस त्याच्या चुलत भावासारखा दिसायला लागतो. चेहऱ्याच्या जागी नवं काही न रचणाऱ्या साध्या बायक्युबिक पद्धतीने मोठा केलेला फोटो अर्धाअधिक मिसळला की त्वचेचा प्लास्टिकपणाही जातो.

निकाल बरा आहे की नाही हे ओळखायचं कसं, तर अपस्केल केलेल्या फोटोची एक कॉपी परत 600 बाय 800 वर आणा, मूळ फोटोवर ठेवा आणि ब्लेंड मोड डिफरन्स करा. जवळपास काळं दिसायला हवं. फिकट चौकड्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, ते साफ झालेले जेपेगचे ठोकळे आहेत. पण डोळ्यांची किंवा बटेची रेघ स्पष्ट दिसली तर मॉडेलने ती जागेवरून हलवलीय. मग 100 टक्के झूम करून केस बघा: सगळे एकाच जाडीचे, समांतर आणि दोन्ही बाजूंना पांढरी कड असलेले असतील तर ते केस नाहीत, तारा आहेत. स्वेटरच्या गळपट्टीच्या पट्ट्या सरळ मोजा, आधी आणि नंतर, आकडा जुळलाच पाहिजे. आणि शर्टाच्या बाहीवर जिथे चुणी पडलीय तिथे वीण चुणीबरोबर वळते का ते बघा, चुणी असूनही वीण सरळ पुढे जात असेल तर ती मॉडेलने वरून छापलेली आहे. आपल्या फोटोत शर्टाचे धागे मुळातच नव्हते हे आपण मघाशी मोजलंय, त्यामुळे तिथे मी मॉडेलची वीण घेतच नाही, तेवढ्या भागावर बायक्युबिकवालाच फोटो मास्कने ठेवतो. साधा गुळगुळीत शर्ट खोट्या विणीपेक्षा जास्त खरा दिसतो.

मास्कचंही माप बदलतं. मूळ फोटोत केसांची कड एक-दोन पिक्सेलची, तिथे मास्क एक पिक्सेल इकडेतिकडे झाला की कपाळावर रंग. चौपट केल्यावर तीच कड चार-आठ पिक्सेलची होते, मग मास्कची कड तीन-चार पिक्सेल मऊ ठेवता येते आणि बटांच्या टोकांना अर्धवट रंग देता येतो. डोक्याबाहेर उडणारे सुटे केस मात्र यातून मिळत नाहीत, उजळ आकाशासमोरचा एक केस मूळ पिक्सेलला जेमतेम सात टक्के काळा करतो आणि तेवढा फरक जेपेगने कधीच पुसलेला असतो. हवेच असतील तर शेवटी बारीक ब्रशने काढावे लागतात, थोडेच, आणि नव्या रंगातच.

सगळं झाल्यावर फोटो 2400 बाय 3200 वर सोडत नाही, अर्ध्यावर, 1200 बाय 1600 वर आणतो, कारण मॉडेलने रचलेला सगळ्यात बारीक थर त्यात विरून जातो आणि बटा तशाच राहतात. त्यानंतर अख्ख्या फोटोवर एकच हलका ग्रेन टाकतो, एडिट केलेले केस आणि न हात लावलेली भिंत दोन्हींवर, म्हणजे रंगवलेला भाग वेगळा गुळगुळीत दिसत नाही. ग्रेन लहान केल्यानंतरच टाकायचा, आधी टाकला तर लहान करताना तोही पुसला जातो.