प्लॉटचं स्केल का चुकतं: एका जागेवरून तीन जागांपर्यंतचा प्रवास

ड्रॉइंगवर भिंतीची लांबी ६००० लिहिलेली असते, टायटल ब्लॉकमध्ये स्केल १:१०० असतं आणि कागदावर पट्टी ठेवली की ६० मिलिमीटरऐवजी ५९ भरतात. डायमेन्शनचा आकडा मॉडेलमधल्या भूमितीवरून येतो, त्यामुळे प्लॉट कितीही चुकला तरी तो ६०००च राहतो. म्हणूनच ही चूक स्क्रीनवर दिसत नाही. कोणी कागदावर मोजमाप घेईपर्यंत ती दडून राहते. ती नेमकी कुठे दडते हे कळण्यासाठी कॅडमध्ये स्केल आधी कुठे ठरत होतं आणि नंतर ते कुठे कुठे विखुरलं, हे पाहावं लागतं.

हाताने ड्रॉइंग काढताना स्केल पहिल्या रेघेआधीच ठरवावं लागे. १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं आणि हा क्रम उलटा झाला. सगळं खऱ्या मापात काढायचं आणि स्केल फक्त प्लॉट करताना द्यायचं. स्केल एकाच जागी असल्यामुळे ते चुकलं तर सगळंच चुके आणि लगेच लक्षात येई.

अडचण दुसरीकडे होती. कागदावर अक्षरं अडीच मिलिमीटरची हवी असतील तर १:१०० साठी ती मॉडेलमध्ये २५० मिलिमीटर उंचीची लिहावी लागत. बॉर्डर आणि टायटल ब्लॉकही शंभरपट मोठे करून इमारतीभोवती ठेवावे लागत. त्याच शीटवर जिन्याचा तपशील १:२० मध्ये हवा असेल तर त्याची प्रत काढून ती पाचपट मोठी करायची. मग २५०च्या पायरीचं डायमेन्शन १२५० येई. ते पुन्हा २५० दिसावं म्हणून `DIMLFAC` ०.२ करावा लागे. ही प्रत मूळ जिन्यापासून तुटलेली असे. मूळ बदललं तरी तपशील जुनाच राही आणि साइटवर दोन वेगळे जिने पोचत.

१९९० च्या रिलीज ११ मध्ये आलेली पेपर स्पेस ही मुख्यतः या दुखण्यावरची मात्रा होती. मॉडेल खऱ्या मापात एकदाच काढायचं. कागद वेगळ्या जागेत, कागदाच्याच मापात मांडायचा आणि त्यात व्ह्यूपोर्ट नावाच्या खिडक्या पाडायच्या. प्रत्येक खिडकीतून तेच मॉडेल वेगळ्या स्केलने दिसतं. त्या काळी खिडकीला स्केल देण्याची रीत अशी होती:

```
TILEMODE 0
MSPACE
ZOOM
1/100XP
PSPACE
```

`XP` म्हणजे पेपर स्पेसच्या एककाच्या तुलनेत. मॉडेल मिलिमीटरमध्ये असेल तर `1/100XP` बरोबर ठरतं. मॉडेल मीटरमध्ये असेल तर मात्र एका एककात १००० मिलिमीटर असतात, म्हणून १:१०० साठी `10XP` द्यावं लागतं. आजही यादीतून डोळे झाकून १:१०० निवडलं आणि खिडकीत चित्राऐवजी ठिपका उरला, तर पहिला संशय एककांचाच घ्यावा.

इथून पुढे स्केल दोन जागी राहू लागलं: व्ह्यूपोर्टमध्ये १:१०० आणि प्लॉटमध्ये १:१. कागदावर उतरतो तो या दोघांचा गुणाकार. मॉडेल स्पेसची सवय असलेले बरेच जण प्लॉट करतानाही १:१०० देत आणि बोटाच्या पेरात मावेल एवढं शीट हातात येई. ही चूक निदान डोळ्यांत भरणारी होती.

न दिसणारी चूक व्ह्यूपोर्टमध्ये शिरली. खिडकीचं स्केल म्हणजे शेवटी तिच्यातला झूमच. खिडकीत शिरून काही दुरुस्त करताना झूम केलं की स्केल गेलं. माउसला चाक आल्यावर तर ते बोटाच्या एका हालचालीवर जाऊ लागलं. १९९९ मध्ये बाजारात आलेल्या ऑटोकॅड २००० ने व्ह्यूपोर्टला कुलूप दिलं. गुणधर्मांच्या यादीत ते `Display locked` म्हणून दिसतं. कुलूप लावल्यावर खिडकीत शिरून झूम केलं तर आख्खं शीट झूम होतं, खिडकीतलं प्रमाण हलत नाही. कुलूप नसलेल्या खिडकीच्या `Custom scale` मध्ये ०.०१ ऐवजी ०.०१०६ दिसलं तर भिंत कागदावर ६३.६ मिलिमीटर येणार. स्केल दुरुस्त करून तिथेच कुलूप लावावं, नाहीतर तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागते.

त्याच आवृत्तीत एका फाइलमध्ये अनेक लेआउट आणि प्रत्येकाला स्वतंत्र पेज सेटअप आला. सोय मोठी, पण प्लॉट स्केलही आता लेआउटगणिक साठवलं जाऊ लागलं. म्हणजे दहा शीटपैकी एकाचंच स्केल चुकलेलं असू शकतं.

सर्वांत फसवा प्रकार इथलाच. बॉर्डरची एक कड कापली जाते, म्हणून कोणीतरी `Layout` ऐवजी `Extents` निवडतं आणि `Fit to paper` वर खूण करतं. शीट नीटनेटकं दिसतं, कड कापली जात नाही आणि काम संपल्यासारखं वाटतं. आता हिशेब पाहा. ए१ कागद ८४१ × ५९४ मिलिमीटरचा. प्रिंटर चारही बाजूंना ५ मिलिमीटर सोडत असेल तर छपाईला ८३१ × ५८४ उरतात. कागदाच्या कडेवर काढलेली ट्रिम लाइन त्यात बसवायची तर ५८४ भागिले ५९४, म्हणजे ०.९८३ ने सगळं आकुंचन पावतं. साठ मिलिमीटरची भिंत ५९ होते. खरा उपाय म्हणजे `Layout`, १:१ आणि कडेपर्यंत छापणारा, नावात `full bleed` असलेला कागद निवडणं. प्रिंटरला ते जमत नसेल तर ट्रिम लाइन कापली जाऊ द्यावी; तिच्यासाठी स्केल घालवण्यात अर्थ नाही.

पीडीएफ पाठवण्याची पद्धत रूढ झाल्यावर स्केलला तिसरी जागा मिळाली. कॅडमधून बरोबर निघालेली फाइल छापणाऱ्याच्या संगणकावर `Fit` मुळे आकसते. `Actual size` निवडणं आपल्या हातात उरत नाही. ए१ ची पीडीएफ ए३ वर छापली तर सगळं जवळपास निम्मं होतं, पण टायटल ब्लॉक मात्र १:१०० च म्हणत राहतो. म्हणून तिथे ‘ए१ वर १:१००’ असं कागदासकट लिहिण्याची पद्धत आहे.

चूक कुठली ते ओळखायला दोन मापं पुरतात. आधी बॉर्डर मोजावी. आयएसओ ५४५७ प्रमाणे ए१ ची चौकट ८११ × ५७४ असते. वरच्या उदाहरणात तिची लांबी ७९७ भरेल. भिंतीवरचा एका मिलिमीटरचा फरक पट्टीच्या दोषातही खपून जातो, चौकटीवरचा १४ मिलिमीटरचा खपत नाही. चौकटही आकसली असेल तर दोष प्लॉटमध्ये किंवा पीडीएफच्या छपाईत. मग पीडीएफमध्येच मापन साधनाने चौकट मोजावी. तिथे ८११ आले तर कॅड निर्दोष आहे. चौकट कागदावर बरोबर आणि भिंत चूक, असं असेल तर सरळ व्ह्यूपोर्टकडे जावं.

स्केल बार काढतानाही हाच भेद लक्षात ठेवावा लागतो. पेपर स्पेसमध्ये काढलेला बार कागदाबरोबर लहानमोठा होतो, त्यामुळे छपाईतली चूक पकडतो. पण खिडकीतला झूम बिघडला तर तो जागचा हलत नाही आणि चुकीच्या चित्राशेजारी बिनदिक्कत चुकीचं माप दाखवतो. बार मॉडेलमध्ये काढून त्याच व्ह्यूपोर्टमधून दाखवला तर तो दोन्ही बिघाडांत चित्राबरोबरच बदलतो आणि कागदावर त्याच्या आधारे घेतलेलं माप बरोबर येतं. मात्र एकाच शीटवर १:१०० आणि १:२० अशा दोन खिडक्या असतील तर प्रत्येकीत आपापला बार लागतो.