गॉट आणि गॉटन: अमेरिकेत दोन्ही लागतात

लर्न्ट की लर्न्ड यावर तास घालवू नका. अमेरिकेत शेवटी ईडी, ब्रिटनमध्ये टी आणि ईडी दोन्ही चालतात, अर्थ एकच. बर्न्ट, ड्रेम्ट, स्पेल्टचंही तसंच. एका स्वाध्यायात एकच पद्धत ठेवा म्हणजे झालं. टीची सवय लागलेली मुलं 'अर्न'चंही अर्न्ट करतात, ते मात्र प्रमाण लेखनात दोन्हीकडे चूक.

खरा घोळ गॉटनचा आहे. 'ब्रिटिश गॉट, अमेरिकन गॉटन' असा तक्ता मुलं पाठ करतात आणि नेमकी तिथेच फसतात. ब्रिटिश इंग्रजीत गेटचं तिसरं रूप सरसकट गॉट, हे खरं. पण अमेरिकन माणूस गॉट आणि गॉटन दोन्ही वापरतो, आणि त्याच्या लेखी त्यांचे अर्थ वेगळे असतात.

मराठीतून पाहिलं की हे लगेच कळतं. 'माझ्याकडे गाडी आहे' म्हणायचं असेल तर अमेरिकनसुद्धा 'आय हॅव गॉट अ कार' असंच म्हणेल. 'मी गाडी घेतली आहे' म्हणायचं असेल तर 'आय हॅव गॉटन अ कार'. म्हणजे नुसतं 'आहे' असेल तिथे गॉट. मिळालं, घेतलं, झालं, पोचलं असं काही घडलेलं असेल तिथे गॉटन.

माझ्याकडच्या एका मुलीला अमेरिकन रूपं भरायची होती. 'तिचं डोकं दुखतंय, म्हणून ती येणार नाही' अशा अर्थाच्या वाक्यात तिने 'शी हॅज गॉटन अ हेडेक' लिहिलं. इथे दुखणं आत्ता आहे एवढंच सांगायचंय, म्हणून गॉट. पुढच्या वाक्यात तिला गोंगाटाची सवय झाली होती, तिथे 'शी हॅज गॉटन यूज्ड टू द नॉइज' बरोबर. ब्रिटिश स्वाध्याय असता तर दोन्ही गाळलेल्या जागी गॉट आलं असतं.

'टू' जोडलं की फरक आणखी ठळक होतो. 'आय हॅव गॉट टू गो' म्हणजे मला जायलाच हवं. 'आय हॅव गॉटन टू गो' म्हणजे मला जायला मिळालंय. इथे रूप चुकलं की वाक्याचा अर्थच फिरतो, आणि म्हणूनच नुसता तक्ता छापणारी उत्तरसूची मला अजिबात पटत नाही.

गॉटनला 'अशुद्ध अमेरिकन' म्हणणंही चूक आहे. हे इंग्लंडचंच जुनं रूप. वसाहतवाल्यांबरोबर ते अमेरिकेत गेलं आणि टिकलं, इंग्लंडमध्ये मागे पडलं. फरगॉटन तर तिथे आजही रोज बोलतात.

साधा भूतकाळ मात्र दोन्हीकडे गॉटच. हॅव, हॅज, हॅड यांपैकी काही सोबत नसताना 'आय गॉटन' दिसलं, की सरळ लाल रेघ मारा.