वीस हजार एमएएचची पॉवर बँक लॅपटॉप किती वेळा भरेल?

इंदूरच्या जेल रोडवर पॉवर बँक बघताना भाच्याने हिशोब मांडला, "मामा, माझ्या लॅपटॉपची बॅटरी ४००० एमएएचची आहे. वीस हजार एमएएचची बँक घेतली तर पाच वेळा भरेल ना?" दुकानदारानेही लगेच मान डोलावली. हा भागाकार इतका सरळ दिसतो की भलेभले त्यात फसतात.

एमएएच किंवा मिलीअँपिअर-तास म्हणजे बॅटरीतून एकूण किती विद्युतभार वाहू शकतो त्याचं माप. तो किती दाबाने, म्हणजे किती व्होल्टला वाहतो, हे त्यात येतच नाही. टाकीत किती लिटर पाणी आहे एवढंच कळलं, पण टाकी किती उंचीवर आहे ते कळलं नाही, तर त्या पाण्यातून किती काम होईल हे सांगता येत नाही. बॅटरीत व्होल्ट म्हणजे ती उंची. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट-तासांत ऊर्जा मिळते:

Wh = mAh × V ÷ 1000

आता लॅपटॉपच्या बॅटरीत डोकावू. समजा, आत ३.८ व्होल्टचे आणि ४००० एमएएचचे तीन सेल आहेत. ते एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले, तर व्होल्टची बेरीज होऊन ११.४ होतात. भार मात्र तिन्ही सेलमधून तोच वाहतो, म्हणून एमएएच ४०००च राहतात. तेच सेल समांतर जोडले तर व्होल्ट ३.८ राहतात आणि एमएएच होतात १२०००. सेल तेच, वजन तेच, पण लेबलवरचा आकडा तिप्पट! ऊर्जा मात्र दोन्हीकडे ४५.६ वॅट-तास. मला हा गुणाकार फार आवडतो. जोडणी कशीही बदला, उत्तर हलत नाही.

पॉवर बँकेवरचे २०००० एमएएच हे बहुधा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, म्हणजे ७४ वॅट-तास. व्होल्ट वाढवून देताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. १५ टक्के गेली असं धरलं तर हाती ६३ उरतात. भाच्याचा लॅपटॉप एकदा पूर्ण भरेल आणि वर थोडं उरेल. पाच वेळा भरणं शक्यच नाही. ३.७ हा आकडा सरासरी आहे, कारण भरलेला सेल ४.२ व्होल्टपासून उतरत जातो. पण तुलनेला तेवढं पुरतं.

ऑनलाइन मिळणाऱ्या खिशात मावणाऱ्या '५०००० एमएएच'च्या बँकेलाही हीच फूटपट्टी लावा. ३.७ व्होल्टने ते १८५ वॅट-तास होतात. बाजारातला चांगला '१८६५०' आकाराचा गोल सेल साधारण ३५०० एमएएचचा आणि ४८ ग्रॅमच्या आसपासचा असतो. म्हणजे असे १५ सेल लागतील आणि नुसत्या सेलचंच वजन ७०० ग्रॅमच्या वर जाईल. तुमच्या हातातली बँक वाण्याच्या काट्यावर २५० ग्रॅम भरली, तर आकडा खोटा आहे. आणि ती खरी असेल तर विमानात नेता येणार नाही. तिथे १०० वॅट-तासांपर्यंत सहज चालते, १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढे बंदी.