सीसीत असणं वेगळं, बीसीसीत असणं वेगळं

समजा, भोसरीतल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागातून पुरवठादाराला मेल जातो: ‘६०० ब्रॅकेटच्या लॉटमधले ८५ नग भोकाचा व्यास मोठा आल्याने नाकारले आहेत. शुक्रवारपर्यंत बदली माल द्यावा.’ ‘टू’मध्ये पुरवठादार, ‘सीसी’त स्टोअरचे प्रमुख. तोच मेल तपासणी करणाऱ्या इन्स्पेक्टरलाही येतो. आकडा चुकलाय हे त्याच्या लगेच लक्षात येतं. नाकारलेले नग ६८. उरलेले १७ रीवर्क करून चालतील, असा त्याचा शेरा होता. तो ‘रिप्लाय ऑल’ दाबतो आणि हे लिहून टाकतो.

माहिती बरोबर होती. पण तो सीसीत नव्हता, बीसीसीत होता.

सीसीतल्या माणसाचं नाव सगळ्यांना दिसतं, त्यामुळे त्याने सगळ्यांना उत्तर दिलं तर कुणाला नवल वाटत नाही. बीसीसीतला माणूस दाराआड उभं राहून ऐकतोय, आणि त्याला तिथे मेल पाठवणाऱ्याने उभं केलंय. इन्स्पेक्टरने उत्तर देताच पुरवठादाराला दोन गोष्टी एकदम कळल्या: आपल्याशी चाललेलं बोलणं आणखी कुणीतरी ऐकत होतं, आणि कारखान्यातच आकड्यावर एकमत नाही. खरेदीवाल्याला आता १७ नगांची घासाघीस तर करावी लागेलच, शिवाय हा तिसरा माणूस लपवला का, याचंही उत्तर द्यावं लागेल. मला या दोन्हींत दुसरं नुकसान मोठं वाटतं. आकडा दुरुस्त होतो, पण यापुढे प्रत्येक मेल वाचताना पुरवठादाराच्या मनात ‘अजून कोण?’ हा प्रश्न राहील.

हे घडतं कारण मेलला पत्रासारखंच पाकीट आणि आतला कागद असे दोन भाग असतात. सर्व्हर पाकिटावरचे पत्ते बघून मेल पोचवतो. ‘टू’ आणि ‘सीसी’ आतल्या कागदावरही छापलेले असतात; बीसीसीचा पत्ता एरवी फक्त पाकिटावर असतो. ‘रिप्लाय ऑल’ कागदावरची नावं उचलतं. म्हणून तुमचं उत्तर मूळ प्रेषकाला आणि उघडपणे लिहिलेल्या सगळ्यांना जातं, बीसीसीतल्या इतरांना मात्र जात नाही. उलट बाजूही तशीच: बाकीचे एकमेकांना जी उत्तरं देतात, ती तुमच्यापर्यंत येत नाहीत. आपल्या इन्स्पेक्टरने दुपारी लिहिलं, पण खरेदीवाल्याने सकाळीच ‘८५ नव्हे, ६८’ अशी दुरुस्ती पाठवलेली असू शकते. त्याला ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

ओळखायचं कसं? ‘टू’ आणि ‘सीसी’त स्वतःचा पत्ता शोधा. जीमेलमध्ये प्रेषकाच्या नावाखालचा छोटा बाण दाबला की तपशील उघडतो, आणि तिथे `bcc: me` असं दिसलं तर प्रश्नच मिटला. आउटलुक काही कार्यालयांत ‘रिप्लाय ऑल’ दाबताना तसा इशाराही देतो, पण त्यावर विसंबू नका.

मात्र नाव दिसलं नाही म्हणजे बीसीसीच, असंही नाही, आणि इथे पुष्कळ जण फसतात. मेल `quality@` सारख्या गटाच्या पत्त्यावर आलेला असेल, तर ‘टू’मध्ये तुमचं नाव नसतं, पण गट उघडपणे दिसतो. तिथे सगळ्यांना उत्तर देण्यात लपवाछपवीचा काही प्रश्न नाही. तेव्हा आधी ‘टू’ आणि ‘सीसी’तला एखादा पत्ता तुमच्या गटाचा आहे का, ते पाहा. शंका उरली तर जीमेलच्या तीन ठिपक्यांत `Show original` उघडा. तिथे `List-ID` ही ओळ असेल तर मेल बहुधा गटामार्फत आलाय.

आणखी एक प्रकार आहे. सोसायटीची नोटीस दोनशे जणांना बीसीसीने येते, पत्ते एकमेकांना दिसू नयेत म्हणून. ‘टू’मध्ये फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. तिथे ‘रिप्लाय ऑल’ दाबलं तरी उत्तर त्यालाच जातं. धोका तेव्हाच, जेव्हा उघड्या नावांत तुमच्याबद्दल माहीत नसलेला कुणी असतो.

इन्स्पेक्टरने करायला हवं होतं ते एवढंच: साधा ‘रिप्लाय’ दाबून, पाठवण्याआधी ‘टू’मध्ये एकट्या खरेदीवाल्याचंच नाव आहे ना हे बघून लिहायचं, ‘नाकारलेले ६८, रीवर्कचे १७. पुरवठादाराला तुम्हीच कळवा.’ घाई असेल तर फोन.

खरेदीवाल्यालाही मी सांगेन की अशा मेलमध्ये बीसीसी वापरूच नका. आधी पुरवठादाराला मेल पाठवा, मग ‘सेंट’मधून तो इन्स्पेक्टरला फॉरवर्ड करा आणि वर एक ओळ लिहा, ‘तुमच्या माहितीसाठी, आकडा तपासा.’ त्या मेलवर ‘रिप्लाय ऑल’ दाबलं तरी उत्तर फक्त फॉरवर्ड करणाऱ्याकडेच येतं.