रशियन रेल्वे ‘चालत’ येते

“रशियनमध्ये पायी जायचं तर ‘इत्ती’, चाकांवर काहीही असलं की ‘येखत्’.”

माणसांपुरतं हे बरंचसं खरं आहे. पण ठरलेल्या मार्गावरची बस किंवा रेल्वे स्वतः कर्ता असली, की तिला बहुधा ‘इत्ती’च लागतं. बस येतेय: ‘आव्तोबुस इद्योत’. आता धातूआधी आगमनाचा ‘प्रि’ उपसर्ग जोडून पाहा. मॉस्कोची गाडी पीटर्सबर्गला पोचली: ‘पोयेज्द प्रिशोल’; यातला ‘शोल’ हा ‘इत्ती’चाच भूतकाळ. तिच्यातूनच उतरलेली आन्या मात्र ‘प्रियेखला’. उपसर्ग दोन्हीकडे तोच, कारण तो पोचणं एवढंच सांगतो. बदलला तो धातू. खासगी मोटारीला मात्र सहसा ‘येखत्’च. खात्री करायची तर रशियन-रशियन शब्दकोशात ‘इत्ती’ उघडा. पायी चालण्याच्या अर्थाशेजारी वाहनांचाही सापडेल.